तारीख, वार आणि बाराच्या अलीकडची वेळ

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथलं डिस्पॅच मी बघते. डिस्पॅच म्हटलं की लोकांना पेट्या मोजणं आणि गाडी भरणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस निरोप पाठवण्यात जातो. माल कधी हवा, गाडी कधी लागणार, पॅकिंगला जादा माणसं कुठल्या पाळीत लागतील, हे सगळं फोनवरून आणि व्हॉट्सॲपवरून.

हे निरोप वाचणारी माणसं एका घरातली नाहीत. मागावरचे आणि शिलाईवरचे बहुतेक पद्मशाली, त्यांच्या घरात तेलुगू. ट्रेलरचे ड्रायव्हर विजयपूर-कलबुर्गीकडचे, कन्नड बोलणारे. रंगाईहून माल आणणारे टेम्पोवाले दखनी बोलतात. ऑफिसात मराठी, आणि गिऱ्हाईक आखातातलं नाहीतर युरोपातलं. रंग, वजन, डझन यांत गोंधळ फारसा होत नाही, कारण ते आकड्यांत असतं. गोंधळ होतो तो ‘पुढच्या शुक्रवारी’, ‘परवा’, ‘आज रात्री बारापर्यंत’ असल्या शब्दांपाशी. गंमत म्हणजे हे शब्द कुणालाच अवघड वाटत नाहीत. वाचणाऱ्याला शंकाच येत नाही, त्यामुळे तो विचारतही नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४ची गोष्ट घेते. मालकांनी ग्रुपवर टाकलं, ‘पुढच्या शुक्रवारच्या आत बाथ टॉवेलचं पॅकिंग संपवा.’ सगळ्यांनी अंगठे दाखवले. दुपारी मी शिलाई विभागात एकेकाला विचारत गेले, तर अर्ध्या लोकांच्या मनात ९ तारीख होती आणि अर्ध्यांच्या १६. ९ वाल्यांचं म्हणणं सरळ होतं : आज मंगळवार, पुढे येणारा पहिला शुक्रवार ९चाच. १६ वाल्यांचंही सरळच होतं : ९चा तर ‘हा’ शुक्रवार, त्याच्या पुढचा तो ‘पुढचा’. मालकांच्या मनात १६ होती. ९ धरून चाललेल्यांनी त्याच संध्याकाळी ओव्हरटाइमची यादी करायला घेतली होती.

आपण कोणाला चूक म्हणणार? मी या भानगडीत पूर्वी पडायचे, कुठलं बोलणं बरोबर ते ठरवायला. आता पडत नाही. एक मात्र निरोप चाळता चाळता लक्षात आलं, की हा गोंधळ आठवडाभर सारखा नसतो. गुरुवारी कुणी ‘पुढचा शुक्रवार’ म्हणालं तर उद्याचा कुणी धरत नाही, त्याला सगळे उद्याच म्हणतात. शनिवारी म्हटलं तर सहा दिवसांवरचाच धरतात, मधे दुसरा शुक्रवार नाहीच. खरी दुफळी सोमवार ते बुधवार या तीन दिवसांत पडते. ‘येता शुक्रवार’ म्हटलं की मराठी माणसं बहुधा जवळचाच धरतात, पण आमच्याकडे तेवढ्याने भागत नाही. तेलुगूत येणाऱ्याला ‘वच्चे’ म्हणतात आणि ‘वच्चे वारम’ म्हणजे पुढचा आठवडा. म्हणून आमचे शिलाईचे अण्णा मराठीत ‘येता शुक्रवार’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात कुठला आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आठवडा कुठे सुरू होतो यावरही एकमत नाही. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार पहिला. युरोपातलं गिऱ्हाईक मात्र ‘वीक ३३’ असं लिहितं, आणि त्यांच्या मोजणीत आठवडा सोमवारी सुरू होतो. २०२४ चा तेहेतिसावा आठवडा १२ ते १८ ऑगस्ट. म्हणजे १८चा रविवार त्यांच्या हिशेबात त्याच आठवड्याचा शेवट, आमच्या पॅकिंगच्या फळ्यावर पुढच्या आठवड्याची सुरुवात. ‘वीक ३३’ वाचलं की मी आधी सोमवार आणि रविवारच्या तारखा शेजारी लिहून काढते, मगच पुढे पाठवते.

‘आठ दिवसांनी’चं दुखणं तर अस्सल आपलंच. शुक्रवारी कोणी ‘आठ दिवसांनी या’ म्हणालं तर आपण पुढच्या शुक्रवारी जातो. आजचा दिवस धरून मोजलं की शुक्रवार आठवा येतो, न धरता मोजलं तर सातवा. बोलण्यात हे खपून जातं, कारण दोघांनाही वार अभिप्रेत असतो. पण ऑर्डरवर ‘माल मिळाल्यापासून आठ दिवसांत’ असं लिहिलं की वाद होतो. कायद्याने या मोजणीला उत्तर दिलेलं आहे. १८९७च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाप्रमाणे कायद्यात ‘पासून’ आलं की तो पहिला दिवस वगळायचा. पण टेम्पोवाल्याला मी अधिनियम दाखवत बसणार नाही. मी शेवटची तारीखच लिहिते आणि ‘आठ दिवस’ हा शब्द गाळते.

‘परवा’ बोलताना त्रास देत नाही, क्रियापद सांभाळून घेतं : परवा आला, परवा येईल. निरोपात मात्र क्रियापद गळतं. ‘चादरीचा लॉट परवा’ एवढाच निरोप आला तर लॉट आला की येणार? दखनीतल्या ‘कल’ आणि ‘परसों’चंही तेच. तेलुगूत आणि कन्नडमध्ये मागचा आणि पुढचा दिवस यांना वेगळे शब्द आहेत, त्यामुळे त्या घरातल्या माणसाला मराठीतला ‘परवा’ जरा जास्तच अडतो. तो विचारतो तरी. आपण मराठी माणसं विचारत नाही.

हे शब्द आणखी एका कारणाने घातक होतात, ते म्हणजे पुढे पाठवणं. सोमवारी रात्री मी लिहिलं, ‘उद्या सकाळी आठला गाडी.’ सुपरवायझरने तो निरोप मंगळवारी सकाळी सातला आपल्या माणसांना फॉरवर्ड केला. त्यांच्या फोनवर वेळ दिसते मंगळवार सकाळी सातची. मी सोमवारी लिहिलं होतं हे त्यांना कुठेच दिसत नाही. त्यांची ‘उद्या’ बुधवारी. निरोपातला एक शब्दही बदललेला नाही, तरी अर्थ एका दिवसाने सरकला. म्हणून ‘आज’, ‘उद्या’ लिहायचेच असतील तर तारखेच्या जोडीला लिहायचे, एकटे सोडायचे नाहीत.

मग नुसती तारीख लिहिली की झालं? नाही. नुसत्या तारखेत एक उणीव आहे : ती चुकली तर चुकली हे कळत नाही. १६च्या जागी १५ टाइप झालं, तर १५ हाही एक दिवसच आहे, वाचणारा त्यावर कामाला लागतो. वार आणि तारीख दोन्ही लिहिले की एक दुसऱ्यावर नजर ठेवतं. ‘शुक्रवार, १५ ऑगस्ट’ असं गेलं तर कुणीतरी हमखास फोन करतो, ‘ताई, १५ला गुरुवार आहे की.’ हा फोन आला की मला बरं वाटतं. याच कारणासाठी महिना अक्षरात लिहायचा. अमेरिकेतलं गिऱ्हाईक ०८/०९ लिहितं तेव्हा ते ९ ऑगस्ट असतं, आपण वाचतो ८ सप्टेंबर, आणि इथे वार सोबत नसेल तर पकडायला काहीच नसतं.

सोलापुरात तारखेपेक्षा पक्की खूण म्हणजे सण. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी पद्मशाली समाजातला कुणी मागावर येईल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नसतो. २०२४ला नारळी पौर्णिमा सोमवार, १९ ऑगस्टला होती. ‘रथाच्या आधी माल बाहेर’ म्हटलं की तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी कुणालाही फोड करून सांगावी लागत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत तेच : आधी यण्णीमज्जन, मग अक्षता, हा क्रम लहान मुलालाही पाठ. पण ही खूण बाहेरच्या गिऱ्हाइकाला निरुपयोगी. शिवाय ‘रथाच्या आधी’ म्हणजे शनिवारी की रविवारी रात्री, हे ती सांगत नाही. म्हणून सण मी तारखेला साक्षीदार म्हणून जोडते, तारखेच्या जागी लिहीत नाही.

आता रात्रीच्या बाराकडे येते. सगळ्यात महाग पडणारी चूक इथली. त्याच ऑगस्टमध्ये आमचा एक कंटेनर न्हावा शेवा बंदरातून जायचा होता. बंदराचं गेट अमुक वेळेनंतर त्या जहाजाचे कंटेनर घेत नाही, त्याला कट-ऑफ म्हणतात. फॉरवर्डरच्या मेलमध्ये तो असा होता : `16-Aug-2024 00:00`. हाच मजकूर आमच्या सुपरवायझरने निरोपात ‘शुक्रवारी रात्री बारापर्यंत’ असा उतरवला.

मेलमधला आकडा पुन्हा बघा. शून्य वाजता दिवस सुरू होतो. १६ ऑगस्टचे ००:०० म्हणजे गुरुवारची रात्र संपून शुक्रवार लागतो तो क्षण. आपण ज्याला ‘शुक्रवारी रात्री बारा’ म्हणतो तो त्यानंतर पूर्ण चोवीस तासांनी. आपल्या बोलण्यात दिवस सूर्य उगवला की सुरू होतो, पंचांगातला वारही तसाच. रात्री एक वाजता जागं असलेलं माणूस अजून कालच्याच दिवसात असतं. घड्याळ मात्र बारालाच पान उलटतं. स्वातंत्र्य १५ ऑगस्टचं, पण दिल्लीत लोक जमले ते १४च्या रात्री, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं आहे, तरी मेलमधला ००:०० बघून ते कुणाला आठवत नाही. रेल्वेच्या तिकिटातही हाच फटका बसतो. आपल्या स्टेशनवर गाडी रात्री साडेबाराला असेल तर तिकिटावर त्या नव्या दिवसाची तारीख लागते, आणि त्या तारखेच्या रात्री स्टेशनवर पोचलेल्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

मी तो निरोप घेऊन अंगणात गेले आणि तीन जणांना विचारलं, गेट कधी बंद? सुपरवायझर म्हणाले शुक्रवारी रात्री. ट्रेलरचा ड्रायव्हर म्हणाला शुक्रवारी रात्री. रंगाईचा माल उतरवत असलेले टेम्पोवाले चाचा म्हणाले, ‘जुम्मे की रात ना? तो जुमेरात कू रात में बंद.’ त्यांच्या हिशेबात दिवस मगरिबला, सूर्य मावळताच बदलतो, म्हणून शुक्रवारची रात्र शुक्रवारच्या आधी येते. उरलेले दोघे हसले. पण बंदराच्या संगणकाशी जुळलं ते चाचांचंच उत्तर, हिशेबाचं कारण मात्र अगदी वेगळं. त्यावरून चाचांची रीत सगळ्यांनी धरावी असं ठरत नाही. मेलमध्ये `16-Aug-2024 23:59` असतं तर तेच चुकले असते.

मग आम्ही गणित मागून मांडलं. गेट बंद गुरुवार, १५ ऑगस्ट, रात्री १२च्या ठोक्याला. सोलापूर ते न्हावा शेवा सुमारे चारशे किलोमीटर. भरलेला ट्रेलर, पुण्याची गर्दी, बोरघाट, बंदराबाहेरची रांग हे धरून मी पूर्ण चोवीस तास राखून ठेवते. त्यात १५ ऑगस्टची सुट्टी, आणि सुट्ट्यांच्या गर्दीत एक्स्प्रेसवेवर अवजड वाहनांना कधी कधी ठरावीक वेळ थांबवतात. त्यासाठी आणखी दोन तास धरले, म्हणजे गाडी कारखान्यातून निघायला हवी बुधवार, १४ ऑगस्टला रात्री दहाच्या आत. पेट्या भरणं, कागदपत्रं आणि ई-सील यांना आठ तास, तेव्हा भरणं सुरू बुधवारी दुपारी दोनला. त्यासाठी पॅकिंग संपायला हवं मंगळवारी, १३ला. ‘पुढच्या शुक्रवारच्या आत’ म्हणून ज्या कामाची सुरुवात झाली ते खरं म्हणजे मंगळवारचं काम होतं. ९ तारीख धरून ओव्हरटाइम करणाऱ्यांमुळेच ते वेळेत झालं, हेही सांगायला हवं.

शेवटी गेलेला निरोप असा होता :

‘कंटेनर भरणं सुरू : बुधवार, १४ ऑगस्ट २०२४, दुपारी २:००. गाडी निघणार : बुधवार, १४ ऑगस्ट, रात्री १०:०० पर्यंत. बंदरात गेटच्या आत : गुरुवार, १५ ऑगस्ट, रात्री ११:५५च्या आधी. त्यानंतर गेट घेणार नाही. सगळ्या वेळा भारतातल्या.’

यात ‘बारा’ हा आकडा कुठेच नाही, आणि तो मुद्दाम टाळलेला आहे. बाराला कुठल्याही वाराशी जोडा, तो दोन दिवसांच्या मधोमध उभा राहतो. ११:५५ मात्र निर्विवाद गुरुवारचाच. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापनसंस्थेचा सल्लाही हाच आहे, की बाराऐवजी ११:५९ किंवा १२:०१ लिहावं. मी बाराच्या आधी पूर्ण पाच मिनिटं सोडते, कारण ११:५९ वाचून माणसं त्याला ‘म्हणजे बाराच की’ असं बोलतात, आणि पुढचा ऐकणारा पुन्हा बारा ऐकतो.

पाळीच्या हजेरीत हाच पेच उलटा बसतो. रात्रपाळीचा माणूस गुरुवारी रात्री येतो, शुक्रवारी सकाळी जातो. मध्यरात्रीनंतरचे तास कुठल्या दिवशी लिहायचे? १९४८च्या कारखाने अधिनियमात ‘दिवस’ मध्यरात्रीपासून चोवीस तासांचा आणि ‘आठवडा’ शनिवारच्या मध्यरात्रीपासून सात दिवसांचा, अशी व्याख्या होती. पण रात्रपाळीसाठी वेगळं कलम घातलेलं : पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर पुढचे तास आदल्या दिवसातच मोजायचे आणि साप्ताहिक सुट्टी पाळी सुटल्यापासून चोवीस तासांची धरायची. म्हणजे इथे कायद्याने घड्याळ बाजूला ठेवून आपल्या बोलण्याचीच रीत मानली. म्हणून हजेरीत मी ‘गुरुवारची रात्रपाळी’ लिहिते आणि गाडीच्या निरोपात कधीच तसं लिहीत नाही. हजेरी वाचणाऱ्याला पाळी कळायला हवी असते, ड्रायव्हरला घड्याळ.

‘वीकेंडपर्यंत कळवा’ असं सौदी गिऱ्हाईक लिहितं तेव्हा ते शुक्रवार-शनिवारबद्दल बोलत असतं. २०१३च्या जूनपर्यंत तिथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची होती. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२२पासून शनिवार-रविवार झाला, शुक्रवारी अर्धा दिवस काम. म्हणजे दुबईचं गिऱ्हाईक आणि रियाधचं गिऱ्हाईक एकच शब्द लिहून वेगळे दिवस सांगतात. अशा मेलला माझं उत्तर ठरलेलं असतं : ‘आम्ही गुरुवार, अमुक तारखेला, भारतातल्या संध्याकाळी ५ पर्यंत कळवतो.’ त्यांच्या शब्दाचा अर्थ विचारत बसण्यापेक्षा आपला दिवस सांगितला की ते नको असेल तर लगेच बोलतात.

इतकं लिहूनही निरोप पोचला की नाही हे अंगठ्यावरून कळत नाही. अंगठा म्हणजे वाचलं, समजलं असं नाही. ‘कळलं ना?’ विचारलं की सगळे ‘हां की’ म्हणतात. म्हणून मी उलटं विचारते : ‘अण्णा, बुधवारी तुम्ही किती वाजता येणार आणि त्याच्या आदल्या दिवशी काय संपलेलं असेल?’ माणसाने आपल्या शब्दांत, आपल्या कामाला जोडून सांगितलं की त्याच्या मनातला दिवस बाहेर येतो. आवाजी निरोप पाठवणाऱ्यांना मी वार-तारीख बोलायला लावते, आणि लिहायचा कंटाळा करणाऱ्यांचा निरोप ऐकून मीच दोन ओळींत लिहून परत पाठवते. हा सगळा उपद्व्याप प्रत्येक निरोपाला परवडत नाही. चहाच्या हिशेबासाठी ‘उद्या देते’ पुरतं. ज्या निरोपावर गाडी, गेट किंवा पगार अवलंबून आहे, त्यालाच हा नियम.

आणि एक मर्यादा आहे, ती भाषेची नाही. काही माणसं ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतात तेव्हा त्यांना दिवस सांगायचाच नसतो. सूत देणारा व्यापारी, पैसे थकवलेलं गिऱ्हाईक, रजेवर जाऊ बघणारा कारागीर, यांच्या तोंडी तो मोघमपणा विचार करून आलेला असतो. तिथे वार-तारखेचा निरोप पाठवून काही सुटत नाही. म्हणून मी आधी एवढंच विचारते, ‘तारीख काय लिहू?’ ज्याच्या मनात दिवस असतो तो लगेच सांगतो, आणि मग मी वार जोडून परत वाचून दाखवते. जो ‘लिहा की काहीपण’ म्हणतो त्याच्याकडे दिवस नाही. तेव्हा त्याच्या नावापुढे मी तारीख टाकत नाही, आणि त्याच्या मालावर गाडी लावत नाही.